दहा किलोमीटर, तीन गट आणि एक मेसेज

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी आमच्या रनिंग क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला होता. रात्री शेवटचा पेशंट गेल्यावर, दवाखान्याचं शटर ओढता ओढता टाईप केलेला. तो असा होता:

"रविवारी सगळ्यांनी मिळून १० किमी. सकाळी ६ वाजता सुरुवात. गट अ: ६० मिनिटं. गट ब: ७० मिनिटं. गट क: ८० मिनिटं. आपापला गट कळवा. नंतर इडली!"

बाराखडीतली तीन अक्षरं, तीन आकडे आणि इडली. त्यात काही चुकलं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, कदाचित तुम्हालाही वाटणार नाही. पण त्या मेसेजमुळे आमच्यातले एक काका त्यांच्या हृदयाला झेपणार नाही अशा वेगाने सत्तर मिनिटं धावले, आणि शेजारी असूनही ते माझ्या लक्षात आलं नाही. यंदाचा मेसेज मी लिहायला घेतला तेव्हा त्याला तीन संध्याकाळी लागल्या. तो मेसेज आणि त्यामागचा विचार, दोन्ही इथे देते. तुमच्या सोसायटीत किंवा ऑफिसात असा धावणाऱ्यांचा कट्टा असेल तर तुम्हाला थेट उपयोग होईल. काकांची परवानगी घेतली आहे. त्यांनी लेख आधी वाचला आणि इडलीचा उल्लेख काढू नका एवढंच सांगितलं.

आधी त्या रविवारी काय झालं ते सांगते.

आम्ही अडतीस जण होतो. अ गटात चौदा, ब गटात एकवीस आणि क गटात तीन. हा हिशेब बघूनच खरं तर मला शंका यायला हवी होती. आमच्या क्लबात पन्नाशी ओलांडलेले निदान दहा-बारा जण आहेत, वर्षभरापूर्वी धावायला लागलेलेही तेवढेच. ऐंशी मिनिटांच्या गटात फक्त तीन कसे? उत्तर सोपं आहे. सगळे एकदम सहाला निघणार म्हणजे क गट सर्वांत शेवटी पोहोचणार. तोपर्यंत फोटो काढून झालेले, इडल्या गार झालेल्या, आणि बाकीचे टाळ्या वाजवून "या, या, शाब्बास" म्हणणार. त्या टाळ्या कुणालाच नको असतात. लोकांनी गट निवडले ते आपल्या पायांकडे बघून नाही, त्या टाळ्यांकडे बघून.

काका बँकेतून निवृत्त झालेले, वय एकसष्ट. दोन वर्षांपासून नियमित धावणारे. त्यांचे शाळेपासूनचे मित्र ब गटात होते, म्हणून तेही ब गटात. पाषाण रस्त्याने पाच किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं, असा आमचा मार्ग. मी त्या दिवशी ब गटातच होते. परतीच्या वाटेवर काका बोलत नव्हते, एवढं मला आठवतं. एरवी ते धावताना क्रिकेटवर बोलतात, आणि थांबत नाहीत.

ठरल्या वेळी, म्हणजे सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोहोचलो. काका फूटपाथच्या कडेला बसले. सगळ्यांनाच घाम होता, पण त्यांचा चेहरा पांढरट दिसत होता आणि ते जबड्यावरून हात फिरवत होते.

"काय होतंय काका?"

"काही नाही हो डॉक्टर, ॲसिडिटी. चहा घेऊन आलो ना रिकाम्या पोटी."

"जबडा दुखतोय?"

"दुखत नाही. जड होतो जरा. नेहमीचं आहे. पहिल्या एक-दोन किलोमीटरला होतो, थोडं हळू केलं की जातो. मग पुढे काही नाही."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीच्या आत दोन महिने होतील."

"आणि आज?"

"आज हळू कसं करणार? सगळे पुढे चालले होते."

पाच-सात मिनिटं बसल्यावर जबड्याचा जडपणा गेला. त्यांना उठून इडली खायची होती. मी त्यांना तसंच गाडीत घातलं आणि जवळच्या रुग्णालयात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासलं, काही तासांनी पुन्हा तपासलं, तेही नॉर्मल. काका माझ्याकडे बघून हसले, "बघा, उगाच." दोन दिवसांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट झाली. पाचव्या मिनिटाला जबडा जड झाला आणि त्याच वेळी ईसीजीची रेषा खाली गेली. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत मोठा अडथळा दिसला. स्टेंट बसला.

इथे दोन गोष्टी समजून घ्या, कारण दवाखान्यात त्या मला वारंवार समजावाव्या लागतात. पहिली, पलंगावर पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे धमन्या मोकळ्या आहेत असं नाही. अरुंद झालेली धमनी विश्रांतीच्या वेळी पुरेसं रक्त देत असते. मागणी वाढते तेव्हाच कमी पडते. घरी पाण्याचा दाब कमी असला तरी एक नळ नीट चालतो, दोन नळ सोडले की कळतं, तसं. काकांनी तीन महिन्यांपूर्वी एक पॅकेजवाली तपासणी केली होती, त्यातला ईसीजीही नॉर्मल होता. म्हणूनच ते निश्चिंत होते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. सुरुवातीला त्रास होतो आणि धावत राहिलं की जातो, याला बहुतेक जण अंग गरम होणं समजतात. हृदयाच्या दुखण्यातही नेमकं असंच होऊ शकतं. आम्ही त्याला वॉर्म-अप अँजायना म्हणतो. थंड शरीराने एकदम वेग घेतला की रक्तदाब आणि नाडी दोन्ही झपकन चढतात, हृदयावर एकदम भार येतो. थोड्या वेळाने स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयही त्या भाराशी जुळवून घेतं आणि त्रास ओसरतो. पुढे काही होत नाही म्हणून माणूस तो विसरतो. ॲसिडिटीशी फरक कसा ओळखायचा? ॲसिडिटी पायऱ्यांना बांधलेली नसते. ती जेवणानंतर, आडवं झाल्यावर, कधीही होते. जो त्रास दर वेळी श्रमाने येतो आणि थांबलं की काही मिनिटांत जातो, तो जबड्यात असो, घशात, डाव्या हातात, दोन खांद्यांच्या मध्ये किंवा पोटाच्या वरच्या भागात, तो हृदयाचा नाही हे तपासून सिद्ध होईपर्यंत हृदयाचाच समजायचा. दुखेलच असंही नाही. मधुमेह असलेल्यांना आणि कित्येक स्त्रियांना नुसती नेहमीपेक्षा जास्त धाप लागते, बाकी काही नाही.

आता मेसेजकडे येते, कारण आजार मेसेजने दिला नव्हता, पण काकांचा एकमेव बचाव मेसेजने काढून घेतला होता. त्रास झाला की हळू करायचं, हे ते दोन महिने आपोआप करत होते. गटात आल्यावर ते बंद झालं.

आणि सत्तर मिनिटं हा आकडा त्यांच्यासाठी काय होता, ते नंतर मी कागदावर मांडून बघितलं. काकांची ५ किलोमीटरची सर्वांत चांगली वेळ ३४ मिनिटं. ५ च्या वेळेवरून १० ची वेळ काढायची तर नुसती दुप्पट करून चालत नाही, कारण अंतर वाढलं की तोच वेग टिकत नाही. धावणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे: दुप्पट करा आणि त्यात साधारण चार टक्के मिळवा. ३४ ची दुप्पट ६८, त्यात पावणेतीन मिनिटं, म्हणजे जवळपास ७१ मिनिटं. ही त्यांनी जीव तोडून, शर्यतीत, चांगल्या हवेत धावलं तर येणारी वेळ. ब गटाची वेळ ७०. म्हणजे आम्ही ज्याला "मिळून मजेत धावणं" म्हणत होतो, ती काकांसाठी आयुष्यातली सर्वांत वेगवान शर्यत होती, तीही ऑक्टोबरच्या उकाड्यात, अंग गरम न करता. ते नेहमी पाच मिनिटं आधी येतात, बूट घट्ट करतात आणि निघतात.

मजेत धावायचं असेल तर शर्यतीच्या वेगापेक्षा दर किलोमीटरला साधारण एक मिनिट हळू धावावं. ७१ मिनिटांचा हिशेब दर किलोमीटरला सात मिनिटं आणि थोडी सेकंदं होतो. त्यात एक मिनिट मिळवलं की आठ. म्हणजे ऐंशी मिनिटांचा गट, तो तीनच जणांचा. हे गणित मेसेजमध्ये दोन ओळींत मावलं असतं. मी वेळ लिहिली होती, ती वेळ कुणासाठी आहे हे लिहिलं नव्हतं.

यंदाचा मेसेज असा गेला:

"येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून १० किमी. ही शर्यत नाही. तीन गट, तीन वेळा सुटणार, तिन्ही एकत्र पोहोचणार.

गट क: सकाळी ५:५० ला सुटेल. दर किमी ८ मिनिटं, एकूण ८० मिनिटं. चार मिनिटं धावणं, एक मिनिट भरभर चालणं.
गट ब: ६:०० ला सुटेल. दर किमी ७ मिनिटं, एकूण ७० मिनिटं.
गट अ: ६:१० ला सुटेल. दर किमी ६ मिनिटं, एकूण ६० मिनिटं.
सगळे ७:१० च्या सुमारास इडलीच्या गाडीपाशी.

गट कसा निवडायचा: गेल्या तीन महिन्यांतली तुमची ५ किमीची सर्वांत चांगली वेळ बघा. २५ मिनिटांच्या आत असेल तर अ. २५ ते २९ असेल तर ब. २९ ते ३५ असेल तर क. ३५ च्या वर असेल तर क गटाबरोबर निघा आणि अडीच किमीवरून वळा, तुमची इडली राखून ठेवू. वेळ माहीत नसेल तर क. दोन गटांच्या मध्ये असाल तर हळू गटात.

सुटण्याच्या दहा मिनिटं आधी या. ती दहा मिनिटं चालायचं आहे, गप्पा मारायच्या नाहीत. चालताना गप्पा चालतील.

धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग तुमचा नाही, मागच्या गटात या. पेसर सांगतील तेव्हा सगळे बोलून दाखवतील.

लिहिलेल्या वेळा गार हवेतल्या आहेत. उकाडा असेल तर पेसर सुरुवातीलाच वेग कमी करतील. कुणी घड्याळ दाखवू नये.

छातीत, जबड्यात, हातात जडपणा, धावताना डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप: थांबा, पेसरला सांगा. सांगितल्याबद्दल कुणी हसणार नाही. गेल्या दोन महिन्यांत धावताना असं काही झालं असेल तर रविवारी इडलीला या, धावायला नको, आणि मला आधी फोन करा."

मेसेज लांब झाला, हे मान्य. एकाने अंगठा दाखवून खाली लिहिलं, "मॅडम, यावर परीक्षा आहे का?" पण त्यातली एकेक ओळ का आली ते सांगते.

वेगवेगळ्या वेळी सुटण्याची कल्पना सगळ्यांत महत्त्वाची ठरली, आणि ती वैद्यकीय नाहीच. हळू गटाला वीस मिनिटं आधी सोडलं की तो शेवटचा उरत नाही. उलट बराच वेळ सगळ्यांच्या पुढे असतो. टाळ्यांचा प्रश्न संपतो. यंदा अ गटात नऊ, ब मध्ये पंधरा आणि क मध्ये चौदा जण आले, कुणालाही समजवावं लागलं नाही. याचा एक फायदा आम्हाला नंतर उमगला. पूर्वी क गटातला कुणी मागे पडला तर त्याच्या मागे रिकामा रस्ता असायचा. आता त्याच्या मागून आधी ब गट येतो, मग अ गट येतो. कुणी फूटपाथवर बसलं असेल तर ते सगळ्यांना दिसतं. अ गटाच्या मागे मात्र कुणी नसतं, म्हणून त्या गटाला शेवटी राहणारा एक माणूस नेमावा लागतो. तो स्वतः वेगवान पण शांत स्वभावाचा हवा. असा माणूस शोधायला वेळ लागतो.

चार मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं, हे ऐकून काहींना वाटतं की क गट म्हणजे फिरायला निघालेली मंडळी. हिशेब करा. भरभर चालताना एका मिनिटात साधारण शंभर मीटर होतात. पाच मिनिटांत सरासरीने सव्वासहाशे मीटर व्हायला हवेत, म्हणजे उरलेल्या चार मिनिटांत सव्वापाचशे. तो वेग दर किलोमीटरला सात मिनिटं सदतीस सेकंदांचा होतो. हे काही रमतगमत नाही. फक्त दर पाचव्या मिनिटाला नाडी थोडी खाली येते आणि, ज्याला त्रास होतो आहे त्याला, थांबण्यासाठी कारण शोधावं लागत नाही.

बोलता येण्याच्या परीक्षेवर लोक हसतात, पण मनगटावरच्या घड्याळापेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे. आपण आरामात धावतो तेव्हा स्नायू बहुतेक ऊर्जा ऑक्सिजन वापरून तयार करतात आणि श्वास त्याला पुरतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंमध्ये आम्लता वाढायला लागते. रक्तातला बायकार्बोनेट ती आम्लता शोषून घेतो आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकण्यासाठी श्वास जोरात चालायला लागतो. बोलायचं तर श्वास रोखून धरावा लागतो, आणि आता तो रोखता येत नाही. म्हणून वाक्य तुटतं. "काल आमच्याकडे पाहुणे आले होते, म्हणून झोपायला उशीर झाला" हे एका दमात म्हणता आलं तर तुम्ही मर्यादेच्या आत आहात. "काल... पाहुणे... उशीर" असं झालं तर बाहेर. ही परीक्षा उकाडा, कमी झोप, नुकताच येऊन गेलेला ताप, सगळ्यांचा हिशेब आपोआप धरते. काल झेपलेला वेग आज झेपत नसेल तर आजचं वाक्य तुटेल.

घड्याळावर नाडी बघून वेग ठरवणाऱ्यांना एक सांगते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळ्या चालू असतील, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा नावांच्या, तर नाडी वाढूच दिली जात नाही. घड्याळावर ११० दिसतात आणि माणूस प्रत्यक्षात धापा टाकत असतो. वयावरून काढलेले नाडीचे सगळे तक्ते अशा वेळी निरुपयोगी. गोळी धावण्यासाठी बंद करायची नाही, घड्याळाकडे बघणं बंद करायचं.

उकाड्याची ओळ ऑक्टोबरमुळे आली. पुण्यात ऑक्टोबरची पहाट गार वाटते, पण पावसाळा नुकताच गेलेला असतो, हवेत दमटपणा असतो आणि घाम लवकर वाळत नाही. अंग गार ठेवायला शरीर रक्त त्वचेकडे पाठवतं. स्नायूंनाही रक्त हवंच असतं. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, म्हणून ठोके वाढतात. वेग तोच, पण आठव्या किलोमीटरला नाडी तिसऱ्या किलोमीटरपेक्षा बरीच जास्त. "आज पाय जड आहेत" म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं. त्या दिवशी वेळ वाचवायला गेलं की श्रम शर्यतीचे होतात. यंदा हवा दमट होती. पेसरनी दर किलोमीटरला वीस सेकंद सोडून दिले आणि क गट सातवर तेरा मिनिटांनी आला. कुणाचं काही बिघडलं नाही.

पेसरांबद्दलही एक कबुली. गेल्या वर्षी आमच्या ब गटाच्या पेसरने पहिले दोन किलोमीटर साडेसहाच्या वेगाने नेले, नंतर हळू करून वेळ जुळवली. एकूण वेळ बरोबर सत्तर. कागदावर निर्दोष. पण काकांना त्रास व्हायचा तो नेमका पहिल्या दोन किलोमीटरला. आता पेसरांना सांगितलं आहे की पहिला किलोमीटर ठरल्यापेक्षा पंधरा सेकंद हळू. ती पंधरा सेकंदं पुढच्या नऊ किलोमीटरमध्ये कुणाच्या लक्षातही न येता भरून निघतात. सुरुवातीची दहा मिनिटं चालण्याचा आग्रहही त्यासाठीच. निरोगी माणसालाही त्याचा फायदा आहे, पण ज्याच्या धमनीत अडथळा आहे आणि ज्याला ते माहीत नाही, त्याच्यासाठी तो हृदयाला दिलेला निरोप आहे की आता काम वाढणार आहे. एक मात्र स्पष्ट करते: वॉर्म-अप केल्याने त्रास होत नसेल तर तो बरा झाला असं नाही. तो फक्त झाकला जातो. म्हणून मेसेजमधली शेवटची ओळ वॉर्म-अपच्या ओळीइतकीच महत्त्वाची आहे.

त्या शेवटच्या ओळीला उत्तर आलं. दोन फोन. एक तिशीतल्या मुलाचा. त्याला शर्यतीनंतर थांबलं की चक्कर येते. त्याला मी विचारलं, धावताना की थांबल्यावर? थांबल्यावर, एकदम उभं राहिलं की. त्याला सांगितलं की एकदम थांबू नकोस, पाच मिनिटं चालत राहा. धावताना पायांचे स्नायू दाबून रक्त वर ढकलतात, थांबलं की ते पायांतच साठतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. एकदा रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्यायला बोलावलं. तेच उत्तर "धावताना डोळ्यांपुढे अंधारी येते" असं असतं तर मी त्याला तपासणी होईपर्यंत धावू दिलं नसतं. धावताना शुद्ध हरपणं आणि थांबल्यावर चक्कर येणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सांगताना लोक त्या एकाच शब्दात सांगतात. तुम्ही डॉक्टरांना सांगाल तेव्हा नेमकं सांगा.

दुसरा फोन आमच्यातल्या एका ताईंचा. वय पन्नास, मधुमेह. "मला काही दुखत नाही, पण जुलैमध्ये जो चढ बोलत चढायचे, तो आता थांबून चढते." बस, एवढंच. त्यांची तपासणी चालू आहे. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं आहे, हृदयाचे रिपोर्ट यायचे आहेत. त्या रविवारी इडलीला आल्या, धावल्या नाहीत. कदाचित सगळं हिमोग्लोबिनचंच असेल. पण गेल्या वर्षीच्या मेसेजला हा फोन आला नसता.

प्रत्यक्ष वाटेवर कुणाला असा त्रास झालाच तर काय करायचं, तेही पेसरांना पाठ करून दिलं आहे. बसवायचं, झोपवून पाय वर करायच्या भानगडीत पडायचं नाही. एकाने सोबत थांबायचं. पाच मिनिटांत त्रास गेला नाही, किंवा घाम फुटला, उलटीसारखं झालं, तर वाट न बघता १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जायचं नाही, स्कूटरवर मागे बसूनही नाही. माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाब द्यायला सुरुवात, मदत येईपर्यंत. आमच्या सहा पेसरांनी त्याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. त्रास पाच मिनिटांत गेला तरी त्या दिवसाचं धावणं संपलं, आणि पुढचं धावणं तपासणीनंतर.

काकांचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. स्टेंटनंतर काही दिवसांत ते घराभोवती चालायला लागले. आधी सपाट रस्ता, मग वेळ वाढवत नेली, मग चढ. तीन महिन्यांनी पुन्हा स्ट्रेस टेस्ट झाली, या वेळी जबडा गप्प राहिला, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांनी चालण्याच्या मध्ये एकेक मिनिट धावायची परवानगी दिली. बीटा ब्लॉकर चालू आहे, त्यामुळे मुलाने भेट दिलेलं नाडी मोजणारं घड्याळ आता फक्त वेळ बघायला.

यंदा ते क गटात होते. पहाटे पावणेसहाच्याही आधी येऊन दहा मिनिटं चालले. चौथ्या किलोमीटरला पेसरने सगळ्यांना एक-एक वाक्य बोलायला सांगितलं. काकांनी रणजीच्या एका जुन्या सामन्याची गोष्ट सुरू केली आणि ती वळण्याच्या खुणेपर्यंत चालली. समोरून आम्ही ब गटवाले येत होतो, तेव्हा त्यांच्या मित्राने रस्त्यापलीकडून ओरडून विचारलं, "कितव्या ओव्हरला आहेस?"